बाळ १९ दिवसांचं, गॅलरीत बिडी आणि सिगरेट: दार लावलं की पुरे का?

डोंबिवलीकरीण | मंगळवार, रात्री ११:४०

मुलगी १९ दिवसांची आहे. ती झोपलीय आणि मी जागी, म्हणून लिहितेय.

घर वन बीएचके, चौथा मजला, लिफ्ट नाही. गॅलरी बेडरूमलाच लागून. बाबा (सासरे) दिवसाला आठ-दहा बिड्या ओढतात, गॅलरीतल्या स्टुलावर बसून. नवरा चार-पाच सिगरेटी जिन्यात ओढतो, जेवणानंतरची शेवटची मात्र गॅलरीत. दोघंही म्हणतात, "आम्ही घरात ओढतच नाही." आणि ते खोटं नाही. पण सरकतं दार लावलेलं असूनही सकाळी माझ्या उशीच्या अभ्र्याला वास येतो.

बाळ रात्री आमच्या दोघांच्या मध्ये झोपतं. डोक्याखाली राईची उशी, डोक्यावर लोकरीचं टोपरं, अंगावर सासूबाईंनी शिवलेली दुलई.

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी विचारलं होतं, घरात कोणी ओढतं का. बाबा शेजारीच उभे होते. मी "नाही" म्हटलं. त्यांनी बहुतेक ओळखलं, कारण तरीही सांगितलं की ओढणाऱ्या माणसाच्या शेजारी तान्ह्याला झोपवू नका, झोपेत दगावतात. त्या दिवसापासून मी दर तासाला उठून हिच्या नाकाजवळ हात धरून बघते.

मी स्वतः कधीच ओढलेलं नाही, पण गरोदरपणाचे नऊ महिने ह्याच घरात काढले. दार लावणं पुरेसं आहे का? आणि नसेल तर बाबांना कसं सांगायचं? ते चिडणारे नाहीत, मनाला लावून घेणारे आहेत.

---

आबा_सिन्नर | बुधवार, सकाळी ६:१५

सूनबाई, इतकं घाबरायचं कारण नाही. आमच्या घरात वडील चिलीम ओढायचे, चुलते बिडी, आणि त्याच खोलीत आम्ही पाच भावंडं वाढलो. हे झोपेत मरणं वगैरे थंड देशातली भानगड आहे. तिथे बंद खोल्या, हीटर, बाळाला वेगळ्या खोलीत एकटं टाकून देतात. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत असतं. खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं.

---

ओवा_वावडिंग | बुधवार, सकाळी ७:०२

धुराचा प्रश्न दिसला म्हणून लिहितेय. धुरी रोज द्यावी, पण बेताची. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेप आणि लसणाची सालं. अंघोळीनंतर बाळाला धुरावर फक्त फिरवायचं, मग दुपट्यात घट्ट बांधून झोपवायचं. शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवली की दोघींना शेक मिळतो. माझ्या दोन्ही नातवंडांना अशीच दिली, सर्दी म्हणून नाही.

---

डोंबिवलीकरीण | बुधवार, सकाळी ९:३०

काकू, माझा प्रश्न बिडीच्या धुराचा होता. पण आता तुम्ही लिहिलंय तर ह्याचंही कोणी सांगा. कारण आमच्याकडे मालिशवाल्या मावशी तीच शेगडी घेऊन येतात आणि दार लावून घेतात.

---

ऑकलंडची_माई | बुधवार, सकाळी १०:४८

मी मूळची सांगलीची. गेली १६ वर्षं न्यूझीलंडमध्ये नर्स आहे, त्यातली बरीचशी बाळंतपणानंतर घरोघरी जाण्यात गेली. तुम्ही सिस्टरला "नाही" म्हटलंत त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला दारात असं "नाही" ऐकायची सवय आहे, म्हणून मी आधी गॅलरीतला स्टूल बघते.

आधी आबांचं. पाच भावंडं जगली हे खरंच आहे. बहुतेक बाळं जगतातच. अमेरिकेत वर्षाला पस्तीस-छत्तीस लाख जन्म होतात आणि झोपेत अचानक दगावणारी बाळं साधारण साडेतीन हजार. म्हणजे हजारात एक. धुराने ही शक्यता वाढते, पण वाढूनही प्रत्येक घरात तसं होत नाही. त्यामुळे "आमच्याकडे काही झालं नाही" ह्यावरून काहीच ठरत नाही.

आणि "थंड देशातली भानगड" म्हणाल तर आपल्याकडचा आकडा कोणाकडेच धड नाही. हे निदान करायला शवविच्छेदन लागतं, बाळ झोपलं होतं ती जागा बघावी लागते, दुसरं कारण नाही ना हे तपासावं लागतं. आपल्याकडे दोन महिन्यांचं बाळ गेलं तर त्यातलं काही होतं का? "दूध छातीत गेलं" म्हणतात आणि त्याच दिवशी पुरतात. एक गोष्ट मात्र आबांची बरोबर आहे. बाळ आईच्या खोलीत असणं चांगलंच. एकटं वेगळ्या खोलीत नको, निदान पहिले सहा महिने तरी.

आता धूर नेमकं काय करतो ते. तुम्हीआम्ही झोपेत असताना तोंडावर चादर आली, हवा कमी पडली, तर आपण दचकून मान फिरवतो. जाग आली हे आठवतही नाही. तान्ह्या बाळातही ही सोय असते. मेंदूच्या बुडाशी जो भाग श्वास, ठोके आणि जाग सांभाळतो, तो हे काम करतो. पोटात असताना निकोटीन मिळालेल्या बाळात हाच भाग सुस्तावलेला असतो. मग पालथं पडलं, नाक गादीत रुतलं, दुलई वर आली, की दुसरं बाळ रडून उठलं असतं तिथे हे उठत नाही. गळा दाबला, घुसमटलं, असं काही दिसत नाही, आवाज येत नाही. म्हणून तुमचं नाकाजवळ हात धरून बघणं मी समजू शकते, पण त्याने संरक्षण होत नाही. संरक्षण होतं ते झोपायच्या जागेने.

दोन ते चार महिने हा सगळ्यात नाजूक काळ. सहा महिन्यांनंतर हे फार कमी दिसतं. तुमची मुलगी १९ दिवसांची आहे, म्हणजे घर नीट करायला तुमच्या हातात दिवस आहेत.

ड्यूटी आहे. दाराचं आणि अंथरुणाचं रात्री लिहिते.

---

बिट्स_आणि_भजी | बुधवार, दुपारी १:२०

व्यावहारिक उपाय: बेडरूममध्ये एअर प्युरिफायर लावा, हेपा फिल्टरवाला. दहा-बारा हजारांत चांगला येतो. शिवाय बाळाच्या पायात घालायचे मोजे मिळतात, ऑक्सिजन आणि ठोके मोजतात, काही बिघडलं तर फोनवर अलार्म. आम्ही दोन्ही घेतलंय. बाबांशी भांडायचीही गरज नाही.

---

सुगंधा_कागल | बुधवार, दुपारी ३:०५

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आमच्या घरात सिगरेट कोणीच ओढत नाही. पण माझी जाऊ सातव्या महिन्यात आहे आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. तिची आई, आजी, सगळ्या लावायच्या. डॉक्टरांनी विचारलं "तंबाखू खाता का", तर ती "नाही" म्हणाली. तिच्या मते मशेरी म्हणजे तंबाखू नाही, दात घासायची पावडर. धूर नाही तर ह्या विषयाशी तिचा संबंध नाही ना?

---

मुक्तछंद | बुधवार, सायंकाळी ६:५०

मी सहसा फक्त वाचते. माझ्या बहिणीचं बाळ १९९६ च्या डिसेंबरात गेलं. अडीच महिन्यांचं होतं. सातारा जिल्ह्यात खेडेगाव. पोटात वारा धरतो म्हणून पालथं झोपवलं होतं, वर दोन गोधड्या, आणि चुलीजवळची खोली. मेहुणे तेव्हा खूप ओढायचे, अंथरुणात बसूनही. बहीण पहाटे उठली तेव्हा सगळं संपलं होतं. "आईच्या अंगाखाली आलं असेल" असं घरातलं एक माणूस म्हणालं आणि ते वाक्य तिने आजतागायत सोडलेलं नाही. बाळ तिच्यापासून हातभर लांब होतं.

हे वाचून आज मला कळत नाहीये की तिला हा धागा दाखवू की नको.

---

ऑकलंडची_माई | बुधवार, रात्री ८:१५

मुक्तछंद, आधी तुम्हाला. त्या बाळाला काय झालं हे आज कोणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. पालथं झोपवणं, जास्त पांघरूण, धूर, ह्या तिन्हींनी धोका वाढतो हे खरं. पण एका बाळाबाबत बोट दाखवून "ह्यामुळे" म्हणता येत नाही. आणि तुमच्या बहिणीने तेच केलं जे त्याआधी वर्षानुवर्षं सगळीकडे शिकवलं जात होतं. १९७०-८० च्या काळात इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा बाळ पालथं झोपवा म्हणायचे. ते चुकत होते. न्यूझीलंडमध्ये तेव्हा हजारात चार बाळं अशी जात होती. तीन वर्षं कसून अभ्यास झाला, १९९१ मध्ये देशभर सांगायला सुरुवात झाली की उताणं झोपवा, आणि आकडा धडाधड उतरला. इंग्लंडात त्याच वर्षी, अमेरिकेत १९९४ ला. तुमच्या गावात १९९६ साली ते कोण सांगणार होतं? बहिणीला धागा नका दाखवू. "अंगाखाली आलं नव्हतं" एवढं मात्र एकदा बसून सांगा.

उताणं झोपवल्यावर उलटी घशात अडकेल ही भीती सगळ्यांना वाटते. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागतं. पालथ्या बाळात उलट होतं.

बिट्स, प्युरिफायर धुराचे कण पकडतो, ते खरं. पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ निघून जातो, आणि निकोटीन भिंतीवर, पडद्यावर, गादीवर बसून राहतं, ते यंत्रापर्यंत पोचतच नाही. मोज्याचं म्हणाल तर त्याने असे मृत्यू कमी होतात हे अजून कोणी दाखवलेलं नाही. वाईट भाग असा की मोजा घातला म्हणून लोक बाळाला परत उशीवर, मध्ये झोपवायला लागतात.

आता दार. डोंबिवलीकरीण, बाहेर ओढल्याने फरक पडतो, बराच पडतो. सॅन दिएगोतल्या एका अभ्यासात तीन प्रकारच्या घरांतली बाळं तपासली होती. ज्या घरात आत ओढतात तिथल्या बाळांमध्ये तंबाखूचा अंश बाहेर ओढणाऱ्यांच्या घरापेक्षा कितीतरी पट जास्त निघाला. पण बाहेर ओढणाऱ्यांच्या घरातल्या बाळांमध्येही तो न ओढणाऱ्या घरांपेक्षा पाच ते सात पट होता. दार बंद असताना. कारण धूर फक्त दारातून येत नाही, माणसाबरोबर चालत येतो. शर्टात, मिशीत, बोटांवर. शेवटचा झुरका मारून आत आलेला माणूस पुढची काही मिनिटं श्वासातून तोच बाहेर सोडत असतो, आणि त्याच वेळी नातीला उचलून घेतो.

तुमच्या घरात तर सरकतं दार आहे. त्याला खाली-वर फट असते आणि तुमची उशी त्या बाजूला असणार. अभ्र्याचा वास हेच सांगतोय.

पण माझ्या मते तुमच्या घरातली पहिली दुरुस्ती गॅलरीची नाही, पलंगाची आहे. ओढणाऱ्या माणसाबरोबर एका अंथरुणात बाळ, आणि तेही दोघांच्या मध्ये, उशी-दुलईसकट. हे आजच बदला. नवरा खोलीत एकही सिगरेट ओढत नसला तरीसुद्धा. बाळ तुमच्याच खोलीत, हात पुरेल एवढ्या अंतरावर, पण स्वतःच्या जागेवर.

---

आबा_सिन्नर | बुधवार, रात्री ९:००

म्हणजे आईच्या कुशीतून पोर बाजूला काढायचं? हे काही पटत नाही. रात्री चार वेळा पाजायला उठायचं तर वेगळं ठेवून बाई किती उठबस करणार? ओल्या बाळंतिणीला झोप नको का?

---

ऑकलंडची_माई | गुरुवार, पहाटे ४:३०

आबा, हाच प्रश्न इथल्या मूळच्या रहिवासी असलेल्या माओरी लोकांच्या आज्यांनी विचारला होता आणि त्यांचं बरोबर होतं.

१९९१ नंतर इथे गोऱ्या घरांत मृत्यू झपाट्याने कमी झाले, माओरी घरांत तितके नाही. दोन गोष्टी एकत्र होत्या. बाळाला कुशीत घेऊन झोपायची रीत, आणि गरोदर बायकांमध्ये सिगरेटचं जास्त प्रमाण. एकेकटी गोष्ट एक, आणि दोन्ही मिळून फारच वेगळी. सरकारी माणसं वर्षानुवर्षं सांगत राहिली, बाळ शेजारी घेऊ नका. कोणी ऐकलं नाही. आई ऐकणारच नाही.

मग २००६ च्या सुमारास डेव्हिड टिपेने-लीच ह्या माओरी डॉक्टरांनी आणि विणकाम करणाऱ्या बायकांनी मिळून वाहाकुरा काढला. हाराकेके म्हणून लांब पानांची झुडपं असतात इथे, त्यांच्या पात्यांची विणलेली उथळ टोपली. तळ सपाट, आत पातळ पण घट्ट गादी. ती आईबापांच्या पलंगावरच ठेवतात. बाळ कुशीतही आणि वेगळंही. ज्या घरात आई ओढते तिथे सगळ्यात आधी द्यायची. २०११ ला क्राइस्टचर्चचा भूकंप झाला, तेव्हा तंबूत, नातेवाइकांकडे दाटीवाटीने झोपणाऱ्या कुटुंबांना ह्याच कल्पनेचे प्लास्टिकचे खोके वाटले. त्या वर्षांमध्ये पहिल्या आठवड्यापुढच्या बाळांचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरले, माओरींमध्ये सर्वात जास्त. सगळं श्रेय टोपलीलाच, असं मी म्हणणार नाही. पण रीत न मोडता जागा वेगळी करता येते, हे दिसलं.

न ओढणाऱ्या, दारू न घेणाऱ्या घरात, पुऱ्या दिवसांचं अंगावर पिणारं बाळ आईशेजारी झोपलं तर धोका आहे की नाही, ह्यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. २०१३ मधला एक मोठा अभ्यास म्हणतो की पहिल्या तीन महिन्यांत तिथेही आहे. दुसरा म्हणतो नाही. त्यामुळे मी तुमच्या सिन्नरच्या सुनांना काही सांगायला येत नाही. पण घरात ओढणारं माणूस त्याच अंथरुणात असेल तर मग वाद उरत नाही.

डोंबिवलीकरीण, तुमच्या घरी असं करून बघा. पलंगाचा नाद सोडा. भिंतीच्या कडेला, गॅलरीच्या दारापासून लांबच्या बाजूला, खाली जमिनीवर तुमची गादी. शेजारी हातभर अंतरावर बाळाची वेगळी पातळ गादी. हाताने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. कापसाची मऊ भरलेली नको, एकावर एक दोन घट्ट सतरंज्या चालतील, वर ताणून खोचलेली चादर. जमिनीवरून पडायची भीती नाही. राईची उशी काढा, डोकं चपटं होतं ते बाळ बसायला लागलं की बहुतेक आपोआप सुधारतं. टोपरं घरात काढून टाका, बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातूनच सोडतं. दुलईऐवजी एक सुती दुपटं, छातीपर्यंत, कडा गादीखाली खोचून. आणि बाळ गादीच्या खालच्या टोकाला, पाय काठाला टेकतील असं, म्हणजे ते पांघरुणात खाली सरकणार नाही. गरम होतंय का बघायला मानेमागे बोट लावा. हातपाय गारच असतात, त्यावरून ठरवू नका.

झोपून पाजताना डोळा लागला तर? लागणारच. ते सोफ्यावर लागण्यापेक्षा ह्या गादीवर लागलेलं परवडतं. जाग आली की परत तिच्या जागेवर. सोफा मात्र कधीच नको, तो सगळ्यात वाईट.

धुरीचं: तंबाखूचा धूर आणि झोपेतले मृत्यू हा संबंध पक्का आहे. धुरीबद्दल तसं ठाम सांगता येणार नाही. पण काकू, दार लावून बाजेखाली निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, आणि त्यात आईसुद्धा जाऊ शकते. मावशींना म्हणावं, शेगडी खोलीबाहेर. आणि घट्ट बांधलेलं बाळ कुशीवर किंवा पालथं कधीच नको, उताणंच. वळायला लागलं की बांधणं बंद.

सुगंधाताई, मशेरी ही भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि तिथून बाळात. धूर नाही म्हणून सुटका नाही. मुंबईत बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ ला छापून आला. धूर नसलेली तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि अपुऱ्या दिवसांची जास्त. स्वीडनमध्ये स्नूस म्हणून तंबाखूची पुडी ओठाखाली ठेवतात, तिथेही गरोदरपणी ती घेणाऱ्यांच्या बाळांत असे मृत्यू जास्त दिसले, आणि ज्यांनी पहिल्या तपासणीआधी सोडली त्यांच्यात धोका कमी. मशेरीवर नेमका असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. पण निकोटीन तेच. जावेला "तंबाखू" हा शब्द न वापरता विचारा, मशेरी किती वेळा. आणि तिच्या डॉक्टरांना सांगा. सातव्या महिन्यातसुद्धा सोडली तर उपयोग आहे.

---

झुरका_बंद | गुरुवार, सकाळी ११:१०

ओढणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं, म्हणून. मी १४ वर्षं ओढली, दिवसाला पाकीट. मुलगा झाला तेव्हा बायकोने एकच वाक्य म्हटलं, "तुला सोड म्हणत नाही, पण त्याला घेण्याआधी शर्ट बदल." पहिल्या आठवड्यात मी दिवसातून नऊ वेळा शर्ट बदलला. धुण्याची बादली बघून मलाच लाज वाटली. मग नऊचे पाच झाले. दोन मिलिग्रॅमच्या निकोटीन गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्या, सरकारी हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, फुकट, मराठीतही बोलतात, तिथे दोनदा फोन केला. सुटायला सात महिने लागले, मध्ये एकदा परत धरली होती.

माई, मला एक सांगा, मी तेव्हा व्हेप पण विचारात घेतलं होतं. आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, पण मिळतं.

---

ऑकलंडची_माई | गुरुवार, दुपारी १२:००

त्यातही निकोटीनच. बाळाच्या खोलीत किंवा गरोदर बाईशेजारी नकोच. तुमच्या बायकोचं वाक्य मी चोरतेय, सगळ्यांना सांगणार.

---

बिट्स_आणि_भजी | गुरुवार, दुपारी २:४५

बाबा आणि नवरा ओढतात, आई नाही. मग धोका नक्की किती वाढतो? आकडा सांगा ना. सगळं "वाढतो" वर चाललंय.

---

ऑकलंडची_माई | गुरुवार, रात्री ७:३०

आईने गरोदरपणी ओढण्याचा आकडा चांगला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दोन कोटी जन्मांवर अभ्यास झाला. दिवसाला एकच सिगरेट ओढली तरी धोका दुप्पट, आणि वीसपर्यंत प्रत्येक जादा सिगरेटीने वाढत जातो. "दिवसातून एकच" म्हणणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

बापाचा आणि आजोबांचा आकडा एवढा नेमका नाही, कारण बहुतेक घरांत दोघंही ओढतात आणि वेगळं काढणं अवघड. धुराने धोका वाढतो आणि त्यातला अमुक सुरक्षित असं प्रमाण नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट आहे. डोंबिवलीकरीण स्वतः ओढत नव्हत्या, ही त्या मुलीची मोठी जमेची बाजू. नऊ महिने त्या घरात काढले त्याचा हिशेब आता करू नये. पुढचे सहा महिने हातात आहेत.

---

डोंबिवलीकरीण | रविवार, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय, कारण काय झालं ते सांगायला हवं होतं.

गुरुवारी रात्रीच खाली गादी घातली. सासूबाई म्हणाल्या, "जमिनीवर? लोक काय म्हणतील?" मग राईची उशी काढली तेव्हा खरी गडबड झाली, कारण ती त्यांच्या आईने भरून पाठवलेली. ती आता पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधून ठेवलीय, शोभेला.

नवऱ्याला माईंचं उत्तर वाचायला दिलं. तो काही बोलला नाही. रात्रीची गॅलरीतली बंद झालीय, जिन्यातल्या चालू आहेत. आत आला की शर्ट दाराबाहेरच्या खुंटीला, हात कोपरापर्यंत साबणाने, मग तिला घेतो. पहिल्या दिवशी विसरला आणि मीच ओरडले. जिन्यातला धूर शेजारच्यांकडे जातो ते आहेच. त्यांच्याकडे पण दीड वर्षाचं आहे.

बाबांना मी नाही सांगितलं, नवऱ्यानेही नाही. सासूबाईंनी सांगितलं, शनिवारी, चहाच्या वेळी, माझ्या समोर नाही. मला फक्त एवढं कळलं की स्टूल गॅलरीतून उचलला गेला आणि खाली वॉचमनच्या केबिनजवळ पोचला. बाबा आता खाली जाऊन ओढतात. गुडघे दुखतात, चार मजले चढायचे, म्हणून दहाच्या चार बिड्या झाल्यात. आल्यावर ते तिच्याजवळ येतच नाहीत, लांबून बघतात. शर्ट बदलायचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही, ते त्यांनी स्वतःच असं धरून घेतलंय की आपण हात लावायचा नाही. हे मला नको होतं.

पडदे आणि गादीचे अभ्रे सगळे धुतले. पलंगाच्या कापसाच्या गादीला अजून वास आहे, ती उन्हात टाकलीय. भिंतीचं काय करायचं? आणि तिचं बारसं गावी आहे, तिथे चूल आणि ओटीवर पंधरा माणसं बिड्या ओढणारी.

---

ऑकलंडची_माई | सोमवार, पहाटे ५:१०

बाबांना सांगा, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सकाळची पहिली बिडी ओढायच्या आधी तिला मांडीवर घ्या. ती वेळ त्यांची. बहुतेक आजोबा मग पहिली बिडी लांबवतात.

भिंत साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, तेवढ्याने सगळं जात नाही, पण बरंच कमी होतं. रंग काढायचा असेल तर बाळ घरात नसताना. गावी बारसं किती दिवसांचं आहे?

---

डोंबिवलीकरीण | सोमवार, सकाळी ८:००

दोन रात्री. माजघर मिळेल, ओटीपासून लांब आहे. पण चुलीच्या भिंतीला लागून.

---

ओवा_वावडिंग | सोमवार, सकाळी ८:४०

माजघरात नको मग. आमच्याकडे अशा वेळी बाळंतिणीला शेजारच्या घरी झोपायला पाठवायचे. आणि हो, मावशींना मी शेगडी बाहेर ठेवायला सांगितलंय, आमच्याकडेही. लसणाची सालं जाळण्याऐवजी पुरचुंडी बांधून लांब अडकवली तर चालेल का हो माई?